जाड प्रभारित स्लॅब: पॉयसनच्या समीकरणातले सहा स्थिरांक कुठे जातात?

प्रश्न: 2a जाडीचा, दोन्ही बाजूंना अमर्याद पसरलेला स्लॅब आहे आणि त्यात सगळीकडे सारखी प्रभार घनता ρ आहे. गॉसच्या नियमाने क्षेत्र दोन ओळींत येतं. पण परीक्षेत ‘पॉयसन समीकरण सोडवून’ काढा असं विचारलं होतं. तीन भागांत मिळून सहा स्थिरांक आले, कडांवर अटी लावल्या तरी दोन उरतात. V(∞) = 0 घेतलं तर काहीतरी भलतंच येतं. माझं नक्की कुठे चुकतंय?

उत्तर:

तुमची मोजणी चुकलेली नाही. दोन स्थिरांक उरतात, ते उरलेच पाहिजेत, आणि हा प्रश्न समजून घ्यायचा तर त्या दोघांचा अर्थ लागला पाहिजे. चूक फक्त एका ठिकाणी आहे: V(∞) = 0 ही अट इथे लावताच येत नाही. गणित मी थोडक्यात मांडतो, म्हणजे दोघांची चिन्हं एकच राहतील.

x = 0 हे स्लॅबच्या मध्यावर घेऊ. y आणि z दिशेने काहीच बदलत नाही, त्यामुळे समीकरण एवढंच उरतं:

d²V/dx² = −ρ/ε₀ (आत), d²V/dx² = 0 (बाहेर)

दोनदा इंटिग्रेट केलं की:

डावीकडे, x < −a: V = A₁x + B₁
आत: V = −ρx²/(2ε₀) + A₂x + B₂
उजवीकडे, x > a: V = A₃x + B₃

आता कडांवरच्या अटी. V सलग असतो हे सगळे लिहितात. dV/dx सुद्धा सलग का, हे मात्र बरेच जण पाठ करून लिहितात. कारण सोपं आहे. कडेभोवती δ जाडीची पातळ पट्टी घ्या आणि समीकरण त्या पट्टीवर इंटिग्रेट करा. उतारातला फरक जास्तीत जास्त ρδ/ε₀ येतो. ρ मर्यादित आहे, म्हणून δ शून्याकडे नेलं की फरकही शून्य होतो. उतार उडी मारतो तो फक्त पृष्ठभागावर पातळ थरासारखा प्रभार बसला असेल तेव्हा. इथे तसा थर नाही. प्रभार पूर्ण जाडीत पसरलेला आहे. त्यामुळे कडेवर उडी मारतो तो दुसरा विकलज, म्हणजे वक्रता: आत ती −ρ/ε₀ आहे, बाहेर शून्य. कडेवर E ची उडी σ/ε₀ लिहिलेले पेपर मी दरवर्षी तपासतो. ती सवय धातूच्या पृष्ठभागाच्या गणितांतून आलेली असते.

चार अटींतून हे मिळतं:

A₁ = A₂ + ρa/ε₀
A₃ = A₂ − ρa/ε₀
B₁ = B₃ = B₂ + ρa²/(2ε₀)

सहा अज्ञात, चार समीकरणं, म्हणून A₂ आणि B₂ मोकळे राहिले. B₂ चा अर्थ उघड आहे. तो मध्यावरचा विभव आहे, आणि विभवाचा शून्य कुठे धरायचा हे आपल्या हातात असतं. खरा विचार A₂ चा करायचा. A₂ बदलला की तिन्ही भागांतला उतार एकाच रकमेने बदलतो. म्हणजेच −A₂ हे संपूर्ण अवकाशात पसरलेलं एकसमान क्षेत्र आहे, स्लॅबच्या आत आणि बाहेर सारखंच. ते स्लॅबने निर्माण केलेलं नाही. कोणी दूरवर दोन मोठ्या विरुद्ध प्रभारित पाट्या ठेवून बाहेरून एक क्षेत्र लावलं असेल, तर ते इथे येऊन बसतं. पॉयसनचं समीकरण फक्त ρ आणि V ची वक्रता यांचं नातं सांगतं. एकसमान क्षेत्राला वक्रताच नसते, त्यामुळे ते आहे की नाही हे समीकरणाला कळायला मार्ग नाही. ते आपण सांगावं लागतं.

तुमच्या परीक्षेतल्या प्रश्नात ते सममितीने, म्हणजे आरशातल्या सारखेपणाने सांगितलं जातं. स्लॅब एकटा आहे, डावीकडे आणि उजवीकडे काही फरक नाही, म्हणून V(−x) = V(x). यातून A₂ = 0. गॉसच्या नियमाने दोन ओळींत उत्तर आलं, कारण तिथे तुम्ही डबी मध्यावर सारखी ठेवून ‘दोन्ही तोंडांवर E सारखाच’ असं आधीच मानलं होतं. हीच ती सममिती. तिथे ती डबीच्या आकृतीत लपलेली होती, इथे ती अट म्हणून लिहावी लागते. दोन्ही रीती तितकीच माहिती वापरतात, त्यामुळे पॉयसनची रीत अपुरी आहे असं समजू नका.

मध्यावर V = 0 धरून उत्तर असं:

आत: V = −ρx²/(2ε₀), E = ρx/ε₀
बाहेर: V = ρa²/(2ε₀) − ρa|x|/ε₀, E = ±ρa/ε₀

चिन्ह तपासायची सवय लावून घ्या. धन प्रभार असेल तर V चा पॅराबोला उलट्या वाटीसारखा, मध्यावर सर्वांत उंच, आणि E मध्यापासून दोन्ही बाजूंना बाहेर ढकलणारा. पॅराबोला सुलटा आला तर समीकरणातलं ऋण चिन्ह हरवलं आहे.

बाहेरच्या सूत्रातली ρa²/(2ε₀) ही सुटी रक्कम बरेच जण विसरतात किंवा तिचा अर्थ लावत नाहीत. बाहेरच्या दोन्ही सरळ रेषा आत वाढवून बघा. त्या बरोबर x = 0 वर, ρa²/(2ε₀) एवढ्या उंचीवर भेटतात आणि तिथे टोक तयार होतं. सगळा प्रभार दाबून मध्यावर एकाच पातळ थरात बसवला असता, तर विभव असाच टोकदार दिसला असता. जाड स्लॅबने ते टोक घासून गोल केलं आहे, आणि तेवढ्यानेच मध्यावरची उंची ρa²/(2ε₀) ने कमी झाली आहे. यातूनच पडताळाही मिळतो: 2aρ = σ कायम ठेवून a शून्याकडे न्या. बाहेरचं क्षेत्र σ/(2ε₀) आलं पाहिजे. σ/ε₀ आलं तर कुठेतरी a च्या जागी 2a पडला आहे.

आकडे घातल्याशिवाय ही गोष्ट हाताशी येत नाही. जाडी १० मिलिमीटर, म्हणजे a = ५ मिमी, आणि ρ = १ मिलिकुलंब प्रति घनमीटर घ्या. ρ/ε₀ साधारण १.१३ × १०⁸ व्होल्ट प्रति चौरस मीटर होतो. पृष्ठभागावरचं क्षेत्र सुमारे ५.६५ लाख व्होल्ट प्रति मीटर, म्हणजे दर मिलिमीटरला ५६५ व्होल्ट. मध्यापासून पृष्ठभागापर्यंत विभवातली घट सुमारे १४१२ व्होल्ट. बाहेर गेल्यावर तीच ५६५ व्होल्ट प्रति मिमीची चाल कायम राहते, कधीच कमी होत नाही.

‘कधीच कमी होत नाही’ इथेच V(∞) = 0 अडकतं. स्थिर उताराची रेषा अनंतापर्यंत गेली तर V उणे अनंताकडे जातो. तिथे शून्य धरायचं म्हटलं तर मध्यावरचा विभव अनंत होतो. ‘अनंतावर शून्य’ ही अट मर्यादित आकाराच्या प्रभारासाठी आहे. बिंदू, गोल, कडं यांच्यापासून दूर गेलं की विभव विरत जातो. ज्याचा प्रभारच अनंतापर्यंत पसरला आहे, त्याच्यापासून ‘दूर’ जाताच येत नाही.

खरा स्लॅब अमर्याद नसतो, हे तुम्ही म्हणालच. मग तोच स्लॅब ५० सेंटीमीटर त्रिज्येची गोल चकती माना. जाडीच्या मानाने ती खूप रुंद आहे, त्यामुळे बाहेरून बघताना σ = 2aρ = १० मायक्रोकुलंब प्रति चौरस मीटरचा पातळ थर मानलं तरी चालेल. अशा चकतीच्या मध्यावर, अनंतावर शून्य धरून, विभव σR/(2ε₀) असतो. हा आकडा सुमारे २ लाख ८२ हजार व्होल्ट येतो. आतली घट होती १४१२ व्होल्ट. चकतीची त्रिज्या दुप्पट करा, २ लाख ८२ हजाराचे ५ लाख ६५ हजार होतात, पण आतली घट १४१२ च राहते. म्हणजे अनंताच्या सापेक्ष विभव हा चकती किती मोठी आहे हे सांगतो, आणि विभवाचा आकार, म्हणजे पॅराबोला आणि त्याला जोडलेल्या रेषा, हा आतला प्रभार कसा आहे हे सांगतो. एकमितीय समीकरणातून दुसरी गोष्ट मिळते, पहिली नाही. B₂ मोकळा राहतो याचा भौतिक अर्थ हाच.

एकमितीय उत्तर कुठवर खरं, तेही याच चकतीवरून दिसतं. अक्षावर z अंतरावर क्षेत्र अमर्याद थराच्या मानाने 1 − z/√(z² + R²) पट असतं. z = R/10 घेतलं, म्हणजे आपल्या चकतीसाठी ५ सेंटीमीटर, तर क्षेत्र सुमारे १० टक्के कमी भरतं. पृष्ठभागाजवळच्या काही मिलिमीटरांत उत्तर जवळजवळ अचूक आहे, हातभर अंतरावर मुळीच नाही. चकतीच्या कडेपाशी तर जवळूनही नाही, कारण तिथे y आणि z दिशेने काहीच बदलत नाही हे गृहीतकच मोडतं.

आता अशी स्थिती घेतो, जिथे सममिती मदतीला येत नाही. पॉयसनची रीत का शिकायची, हे इथे कळतं. हाच १० मिमीचा स्लॅब दोन जमिनीला जोडलेल्या, म्हणजे अर्थ केलेल्या, धातूच्या पाट्यांमध्ये ठेवा. डावी पाटी डाव्या पृष्ठभागापासून L₁ = ५ मिमीवर, उजवी पाटी उजव्या पृष्ठभागापासून L₂ = २५ मिमीवर. गॉसची डबी इथे कुठे ठेवणार? दोन तोंडांवर E सारखा असल्याचं कोणीही सांगितलेलं नाही. पण आपल्या दोन मोकळ्या स्थिरांकांना आता खरं काम मिळालं आहे. दोन्ही पाट्यांवर V = 0, या दोन अटी. A₂ आणि B₂ दोन्ही ठरतात.

A₂ थेट काढण्यापेक्षा मी एक वेगळी गोष्ट शोधतो: स्लॅबच्या आत E शून्य कुठे होतो ते प्रतल. त्याला x₀ म्हणू. A₂ = ρx₀/ε₀, म्हणजे हा तोच स्थिरांक, फक्त मिलिमीटरांत मोजलेला. मग आतला E = ρ(x − x₀)/ε₀, डाव्या फटीत E = −ρ(a + x₀)/ε₀ आणि उजव्या फटीत E = ρ(a − x₀)/ε₀. दोन पाट्यांमधला एकूण विभवफरक शून्य, म्हणून E चं पूर्ण अंतरावरचं इंटिग्रल शून्य:

−(a + x₀)L₁ − 2a·x₀ + (a − x₀)L₂ = 0

यातून

x₀ = a(L₂ − L₁)/(L₁ + L₂ + 2a)

आकडे: 5 × 20/40 = 2.5 मिमी. शून्य क्षेत्राचं प्रतल मध्यापासून २.५ मिमी उजवीकडे, म्हणजे दूरच्या पाटीकडे सरकलं. विद्यार्थी बहुतेक वेळा उलट अंदाज करतात, की ते जवळच्या पाटीकडे सरकेल. असा विचार करा: जवळची पाटी स्लॅबमधल्या प्रभाराला जास्त जोराने आपल्याकडे ओढते. त्या प्रतलाच्या डावीकडचा सगळा प्रभार डाव्या पाटीच्या वाट्याचा, उजवीकडचा उजवीच्या वाट्याचा. डावीच्या वाट्याला ७.५ मिमी आले, उजवीला २.५. एकूण १० मायक्रोकुलंब प्रति चौरस मीटरपैकी डाव्या पाटीवर उणे ७.५ आणि उजवीवर उणे २.५ असा प्रभार प्रेरित झाला.

आता पडताळा, जो मी कधीच सोडत नाही: शिखरावरचा विभव दोन्ही बाजूंनी चढून काढायचा. डावीकडून: फटीतलं क्षेत्र ८.४७ लाख व्होल्ट प्रति मीटर, ५ मिमी चढून पृष्ठभागावर सुमारे ४२३५ व्होल्ट. आत ७.५ मिमीचा अर्धा पॅराबोला सुमारे ३१७७. बेरीज ७४१२. उजवीकडून: २.८२ लाख व्होल्ट प्रति मीटर, २५ मिमीमध्ये सुमारे ७०५९. आत २.५ मिमीचे सुमारे ३५३. बेरीज ७४१२. दोन वाटा एकाच उंचीवर भेटल्या, म्हणजे स्थिरांक बरोबर आहेत. भेटल्या नाहीत तर चूक बहुधा पॅराबोलातला अर्धा विसरण्यात किंवा x₀ चं चिन्ह उलटं घेण्यात असते.

आतापर्यंत ε₀ आतही वापरला. पण प्रभार जागच्या जागी अडकून राहायचा तर पदार्थ विद्युतरोधकच हवा. धातूच्या आत एकसमान ρ टिकूच शकत नाही, तो लगेच पृष्ठभागावर पळतो. आपला स्लॅब अॅक्रिलिकसारख्या प्लास्टिकचा मानू आणि डायइलेक्ट्रिक स्थिरांक हिशेबाला सोपा म्हणून ३ धरू. आतलं समीकरण d²V/dx² = −ρ/(3ε₀) झालं. कडेवरची अट मात्र बदलते, आणि इथे हमखास गफलत होते. आता dV/dx सलग नसतो, ε·dV/dx सलग असतो. E ला कडेवर तिपटीने उडी मिळते, विभवाच्या आलेखात पृष्ठभागापाशी कोपरा दिसतो. वर मी म्हणालो होतो की पृष्ठभागावर प्रभाराचा थर असेल तरच उतार उडी मारतो. ते अजूनही खरं आहे. प्लास्टिकच्या रेणूंचं ध्रुवीकरण होऊन आतल्या प्रभाराचा दोन तृतीयांश परिणाम झाकला जातो, आणि तेवढाच बद्ध प्रभार दोन्ही पृष्ठभागांवर येऊन बसतो. तोच हा थर.

एकट्या स्लॅबमध्ये याने बाहेर काहीच बदलत नाही. पृष्ठभागाबाहेर तेच ५.६५ लाख व्होल्ट प्रति मीटर. आतली घट मात्र १४१२ वरून सुमारे ४७१ व्होल्टवर येते. पाट्यांमध्ये ठेवलेल्या स्लॅबमध्ये बाहेरही फरक पडतो, कारण विभवाच्या हिशेबात स्लॅबची १० मिमी जाडी आता ३.३३ मिमीइतकीच मोजली जाते:

x₀ = a(L₂ − L₁)/(L₁ + L₂ + 2a/3) = 100/33.33 = 3.0 मिमी

वाटणी ८ आणि २ मायक्रोकुलंब प्रति चौरस मीटर अशी झाली. डाव्या फटीत ९.०४ लाख व्होल्ट प्रति मीटर, उजवीत २.२६ लाख. शिखर डावीकडून ४५१८ अधिक १२०५, उजवीकडून ५६४७ अधिक ७५, दोन्हीकडून साधारण ५७२२ व्होल्ट. प्लास्टिकमुळे सर्वांत वरचा विभव ७४१२ वरून ५७२२ वर उतरला, पण अरुंद फटीतलं क्षेत्र उलट वाढलं. फक्त शिखराचा विभव बघून ‘ताण कमी झाला’ म्हणणारा इथे फसतो.

आणि ताण नेमका तिथेच महत्त्वाचा आहे. हवा साधारण ३० लाख व्होल्ट प्रति मीटरच्या आसपास फुटते. आपल्या मांडणीत सगळी क्षेत्रं ρ च्या प्रमाणात वाढतात, त्यामुळे ρ साधारण ३.३ मिलिकुलंब प्रति घनमीटर झाला की डाव्या, ५ मिमीच्या फटीत ठिणगी पडायची वेळ येते. त्या क्षणी उजव्या फटीत क्षेत्र जेमतेम ७.५ लाख असतं. एकटा स्लॅब, पाट्यांविना, तोच प्रभार घेऊन पृष्ठभागापाशी सुमारे १८.६ लाखावर, हवेच्या मर्यादेच्या बऱ्याच आत राहिला असता. हा सगळा फरक पाडला तो A₂ ने, ज्याला तुम्ही ‘उरलेला’ स्थिरांक म्हणत होता.